स्टीअरिंग कमिटीचा लाल-पिवळा-हिरवा रिपोर्ट: 92 टक्के काम झालंय, मग रंग कुठला?

मांजलपूरकर
नमस्कार मंडळी. कारखाना मकरपुऱ्यात, ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग बनतात. जुनं सॉफ्टवेअर काढून नवीन ईआरपी बसवतोय, गो-लाइव्ह 1 ऑक्टोबर. स्टीअरिंग कमिटीची बैठक 27 ऑगस्टला आहे आणि आज 20 तारखेचा रिपोर्ट मी बनवतोय. पाच ओळी आहेत: आयटम मास्टर, चाचणी, प्रशिक्षण, छापील फॉर्म आणि ई-इनव्हॉइस जोडणी, खर्च. पाचही हिरव्या.

अडलंय ते आयटम मास्टरपाशी, म्हणजे सगळ्या मालाच्या मूळ यादीपाशी. एकूण 18,400 आयटम, त्यातले 16,900 साफ झाले, म्हणजे 92 टक्के. आमचा नियम असा: ठरल्यापेक्षा 5 दिवसांपर्यंत उशीर असेल तर हिरवा, 6 ते 15 दिवस पिवळा, त्यापुढे लाल. आज उशीर 4 दिवसांचा. नियमाने हिरवा बसतो, पण स्टोअरमधल्या लोकांशी बोललं की तसं वाटत नाही. मनाने पिवळा करावा तर डायरेक्टर विचारणार, "नियम काय म्हणतो?" काय करावं?

दांडियाबाजार
मनाने रंग बदलू नका, त्यात अडकाल. आकडा दाखवा. प्रत्येक कामाला तास किंवा रुपये लावून ठेवले असतील तर आजवर झालेल्या कामाची किंमत भागिले आजवर व्हायला हव्या असलेल्या कामाची किंमत, म्हणजे एसपीआय काढा. 0.95 च्या वर हिरवा, 0.85 ते 0.95 पिवळा, त्याखाली लाल. तुमचा 0.97 च्या आसपास येईल असा माझा अंदाज. मग हिरवाच आहे. वाटण्यावर रिपोर्ट चालत नाही.

संध्या_अकोटा
मांजलपूरकर, रंग ठरवण्याआधी मला तीन गोष्टी हव्यात. गेल्या तीन आठवड्यांत दर आठवड्याला किती आयटम साफ झाले, आयटम मास्टर कुठल्या तारखेला गोठवायचा आहे, आणि उरलेले दीड हजार नेमके कुठले.

दांडियाबाजार, तुमचं निम्मं बरोबर आहे. रंग आकड्यावरच ठरावा. पण एसपीआय सगळ्या कामांची एक बेरीज करतो. प्रशिक्षण आणि फॉर्म वेळेआधी झाले तर त्यांचे जादा गुण आयटम मास्टरच्या तुटीवर पांघरूण घालतात. प्रशिक्षण कितीही पुढे गेलं तरी आयटम मास्टरशिवाय लोड होत नाही. दुसरं म्हणजे काम शेवटी पूर्ण झालं की एसपीआय 1 वर येऊन थांबतो, मग ते सहा महिने उशिरा का झालेलं असेना. प्रकल्पाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात तो उशीर दाखवायचाच बंद करतो, आणि तुम्ही नेमके त्याच भागात आहात.

मांजलपूरकर
संध्याताई, घ्या.

साफ झालेले आयटम: तीन आठवड्यांपूर्वी 400, मग 260, गेल्या आठवड्यात 190.

तारखा उलट्या मोजून अशा: 1 ऑक्टोबर गो-लाइव्ह. 28 ते 30 सप्टेंबर स्टॉक मोजणी. 16 सप्टेंबरला कमिटीचा जायचं की थांबायचं हा निर्णय. 14 ला तिसऱ्या मॉक लोडचा, म्हणजे डेटा भरण्याच्या रंगीत तालमीचा, ताळा पूर्ण. 9 ते 12 मॉक लोड. 7 सप्टेंबरला सकाळी आयटम मास्टर गोठणार.

उरलेल्या 1,500 पैकी गेल्या 18 महिन्यांत हललेले 640. बाकी 860 पडून आहेत. त्या 640 मधले 230 असे की एचएसएन कोड नाही किंवा चुकलाय. 410 मध्ये एककाचा घोळ आहे: खरेदी किलोत, ड्रॉइंगमध्ये मीटर, स्टोअर तिसऱ्याच हिशोबाने देतो.

संध्या_अकोटा
हा लाल आहे, आणि त्यासाठी मन लागत नाही.

आजपासून 7 तारखेच्या सकाळपर्यंत किती दिवस आहेत ते मोजा. तीन रविवार वजा, 28 ला रक्षाबंधन, 4 ला जन्माष्टमी. 21 तारखेपासून मोजलं तर बारा दिवस मिळतात, म्हणजे सहा दिवसांचे दोन आठवडे. गेल्या आठवड्याच्या वेगाने 1,500 ला आठ आठवडे लागतील. नुसते 640 घेतले तरी सव्वातीन आठवडे. हातात दोन. आणि वेग उतरतोय, वाढत नाहीये. सोपे आयटम आधी संपतात, चिवट शेवटी उरतात, म्हणून 92 टक्क्यांनंतरचे 8 टक्के आधीच्या आठांसारखे नसतात. टक्केवारीवर रंग लावला की हे दिसतच नाही. आठवड्याचा वेग आणि उरलेली संख्या हे दोन आकडे टक्केवारीच्या जागी लिहा.

आता तुमच्या नियमाबद्दल. चूक नियम मोडण्यात नाही, नियमातच आहे. "किती दिवस उशीर झाला" हे मोजताय. तुमचं गो-लाइव्ह फक्त महिन्याच्या 1 तारखेला होऊ शकतं ना?

मांजलपूरकर
हो, अकाउंट्सची अट आहे. महिना मध्येच तुटला तर त्या महिन्याचा जीएसटीआर-1 दोन सॉफ्टवेअरमधून जुळवून 11 तारखेच्या आत भरायचा, वर 3बी साठी पुन्हा तेच. ते नाही म्हणतात.

संध्या_अकोटा
मग 7 सप्टेंबर चुकली तर गो-लाइव्ह चार-पाच दिवस सरकत नाही, 1 नोव्हेंबरवर जातं. यंदा दिवाळी 8 नोव्हेंबरला. नवीन सॉफ्टवेअर सुरू करून आठवड्यात कारखाना लाभपाचमपर्यंत बंद ठेवायला कुणी तयार होणार नाही. त्यातही 1 नोव्हेंबरसाठीचा मॉक लोड येतो 11 ते 20 ऑक्टोबरच्या नवरात्रात, आणि बडोद्यात त्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर माणूस थांबवून दाखवा. म्हणजे खरी पुढची तारीख 1 डिसेंबर. पाच दिवसांची चूक दोन महिन्यांना पडते.

अशा ठिकाणी "15 दिवसांपर्यंत पिवळा" याला काही अर्थ उरत नाही. पुढचं दार कधी बंद होतंय आणि आजच्या अंदाजाने आपण त्याच्या किती दिवस आधी पोचतोय, हे मोजायचं. तुमच्यासाठी मी असं ठेवेन: सहा कामाच्या दिवसांपेक्षा जास्त शिल्लक राहत असेल तर हिरवा. शून्य ते सहा शिल्लक, आणि भरून काढायचा उपाय प्रोजेक्ट मॅनेजरच्या स्वतःच्या हातात असेल, तर पिवळा. शिल्लक शून्याच्या खाली, किंवा उपाय आहे पण त्याला कमिटीची परवानगी लागते, तर लाल. सहाच का? कारण तुमचा एक मॉक लोड फसला तर परत करायला चार दिवस लागतात आणि ताळ्याला दोन. तुमच्याकडे वेगळं असेल तर आकडा बदला, पण तो कशावरून आला हे रिपोर्टच्या तळाशी लिहा.

एक्सेलभाई
धागा उशिरा पाहिला. रंग आपोआप यायला हवा असेल तर कंडिशनल फॉरमॅटिंग सोपं आहे. B मध्ये बंद होण्याची तारीख, C मध्ये आजचा अंदाज:

```
=IF(B2-C2<0,"लाल",IF(B2-C2<=6,"पिवळा","हिरवा"))
```

मग या अक्षरांवर रंग लावा. शेड कुठली घ्यायची हा प्रश्न असेल तर पिवळ्यासाठी गडद सोनेरी घ्या, फिकट पिवळा प्रोजेक्टरवर पांढरा दिसतो.

कारेलीबागचा_कारकून
एक्सेलभाई, प्रश्न शेडचा नव्हता, पण सूत्र कामाचं आहे. एक खड्डा मात्र आहे त्यात. C रिकामा ठेवला तर एक्सेल त्याला शून्य धरतं, वजाबाकी हजारोंत जाते आणि उत्तर येतं "हिरवा". ज्याने अंदाजाची तारीखच दिली नाही त्याची ओळ सगळ्यात हिरवी. कितीतरी ठिकाणी हिरव्या रिपोर्टचं गुपित एवढंच असतं.

दुसरं, वजाबाकीत रविवार आणि सुट्याही मोजल्या जातात. असं करा:

```
=IF(C2="","राखाडी",IF(C2>B2,"लाल",
 IF(NETWORKDAYS.INTL(C2,B2,11,Holidays)-1<=6,"पिवळा","हिरवा")))
```

Holidays नावाची रेंज बनवून तिच्यात कारखान्याच्या सुट्या टाका. 11 म्हणजे फक्त रविवार सुटी. साप्ताहिक सुटी गुरुवारी असेल तर 15. हे फंक्शन दोन्ही टोकांचे दिवस मोजतं म्हणून 1 वजा.

आणि पेशीत अक्षर राहू द्या, नुसता रंग नको. डायरेक्टरसाहेब प्रिंट काढतात ती काळीपांढरी असते, शिवाय लाल-हिरवा ओळखू न येणारा माणूस कमिटीत असेल तर तो ते बोलून दाखवत नाही.

संध्या_अकोटा
राखाडी आवडला. त्याला एक अट जोडते: अंदाजाची तारीख सात दिवसांपेक्षा जुनी असेल तरीही राखाडी. आणि ती तारीख काम करणाऱ्याने दिलेली हवी. खातेप्रमुखाने "होईल हो" म्हटलेली चालणार नाही. हिरव्याला पुरावा लागतो ही सवय कमिटीला लागली की बरेच प्रश्न आपोआप मिटतात.

रावपुरा_१९
आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट चाललंय, बिल्डर दर महिन्याला असाच रंगीत तक्ता ग्रुपवर टाकतो. पार्किंगची तारीख चुकली की पुढच्या तक्त्यात ती तारीखच नवीन असते, आणि शेजारी हिरवा गोळा! म्हणजे तो कधी उशिरा नसतोच. यावर काही इलाज आहे का? विषय सोडून असेल तर माफी.

संध्या_अकोटा
विषय सोडून अजिबात नाही. तक्त्यात तारखांचे तीन स्तंभ मागा: मूळ ठरलेली, शेवटची मंजूर झालेली, आजचा अंदाज. रंग मंजूर तारखेवर लागेल, पण मूळ तारीख कधीच पुसायची नाही. मंजूर तारीख बदलायची तर कुठल्या बैठकीत, कुणी मंजूर केली ते शेजारी लिहायचं. मग तारीख किती वेळा सरकली ते एका ओळीत वाचता येतं. बिल्डर हे देईल का ते तुमच्या करारावर आहे.

फतेगंजी
मी समोरच्या बाजूचा, म्हणजे ईआरपी बसवून देणाऱ्यांपैकी. दोन गोष्टी कडवट वाटतील.

पहिली. आमचा हप्ता टप्प्याला बांधलेला असतो. तिसरा मॉक लोड "पूर्ण" झाला की बिल निघतं. त्यामुळे आमच्या तक्त्यात तो हिरवा होण्याची घाई असते. लोड तांत्रिकदृष्ट्या चाललाही असतो, पण 18 हजारांपैकी हजारभर रेकॉर्ड एरर फाइलमध्ये पडलेले असतात आणि स्टॉकची किंमत जुन्या सॉफ्टवेअरशी जुळत नाही. तेव्हा पूर्ण कशाला म्हणायचं ते आधीच लिहा. मी ग्राहकाच्या जागी असतो तर लिहिलं असतं: एरर फाइलमध्ये चालू आयटम एकही नाही, प्रत्येक गोदामाची स्टॉक किंमत जुन्या सॉफ्टवेअरशी ठरलेल्या मर्यादेत जुळते, आणि ताळ्यावर स्टोअर आणि अकाउंट्स दोघांची सही. विक्रेत्याचा रंग आणि तुमचा रंग वेगवेगळ्या स्तंभात ठेवा. दोघांत फरक पडला की कमिटीने फक्त त्याच ओळीवर बोलावं.

दुसरी. संध्याताई एक ओळ लाल म्हणजे अख्खा प्रकल्प लाल असं म्हणतील. मला ते पटत नाही. मोठ्या प्रकल्पात काही ना काही कायम लाल असतंच. मग वरचा गोळा बारा महिने लाल, आणि चौथ्या बैठकीपासून तो कुणी पाहत नाही.

संध्या_अकोटा
मी तसं म्हणणार नव्हते. छापील फॉर्म लाल झाले तर कारखाना आठवडाभर जुन्या नमुन्यावर काढेल, त्यासाठी सगळा प्रकल्प लाल नको. पण ज्या ओळीवर 1 ऑक्टोबर अवलंबून आहे ती लाल असेल तर वरचा रंग लालच. सरासरी कधीच नाही: चार हिरव्या आणि एक लाल मिळून "हिरवट पिवळा" होत नाही. कुठल्या ओळींवर वरचा रंग ठरणार ते पहिल्याच बैठकीत ठरवून मिनिट्समध्ये घालायचं, कारण नंतर अडचणीची ओळ "महत्त्वाची नाही" म्हणून वगळली जाते.

विक्रेत्याच्या वेगळ्या स्तंभाबद्दल मला शंका आहे. दोन रंग दिसले की बैठकीची पंचवीस मिनिटं कुणाचा रंग खरा यात जातात.

फतेगंजी
जाऊ द्या की पंचवीस मिनिटं. एकच स्तंभ ठेवला तर तो भांडणाचा निकाल बैठकीआधी बंद खोलीत लागतो आणि कमिटीला मऊ पिवळा दिसतो.

दांडियाबाजार
एसपीआय शेवटी 1 होतो हे खरं, मान्य. मग मी तो खर्चाच्या ओळीपुरता... नाही, खर्चाला सीपीआय लागेल. असो. पण एक विचारतो. मांजलपूरकरांनी लाल लावला आणि डायरेक्टर भर बैठकीत भडकले तर? पिवळा लावून शेजारी सविस्तर लिहिलं तर काय बिघडतं? माहिती तीच पोचते.

संध्या_अकोटा
पोचत नाही. पिवळ्याचा अर्थ कमिटीसाठी एकच असतो: मॅनेजर सांभाळतोय, मला काही करायचं नाही. खालचं सविस्तर कुणी वाचत नाही, कारण रंगाने त्यांना न वाचायची मुभा दिलेली असते. लालचा अर्थही एकच ठेवा: तुमच्याकडून निर्णय हवाय. काम वाईट केलं असा त्याचा अर्थ नाही, हे स्पॉन्सरला आधी सांगून ठेवायचं. बैठकीत पहिल्यांदा लाल दिसला तर कुणीही भडकेल. म्हणून रिपोर्ट गेला त्या दिवशीच फोन, पण फोनवर रंगाची घासाघीस करायची नाही.

पिवळ्यालाही मुदत हवी. सलग दोन रिपोर्टमध्ये पिवळा आणि मधल्या काळात शिल्लक दिवस वाढले नाहीत, तर तिसऱ्यांदा तो आपोआप लाल. नाहीतर काही ओळी पिवळ्यात संसार थाटतात.

कारेलीबागचा_कारकून
मांजलपूरकर, 27 च्या बैठकीपर्यंत थांबू नका असं मला वाटतं. 28 ला रक्षाबंधन. बैठकीत निर्णय झाला तरी माणसं 29 ला बसणार. 29, 31, मग 1, 2, 3 आणि 5 सप्टेंबर, एवढे सहा दिवस उरतात. बारातले सहा निर्णयाची वाट पाहण्यातच गेले.

मांजलपूरकर
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज लिहून पाठवतो. मागायचं काय? डिझाइनचा एक माणूस मागितला तर पुरेल का? एचएसएनचे 230 अकाउंट्स तीन दिवसांत करू म्हणतंय, ते माझ्या हातातलं आहे. अडलंय ते 410 एककांचं. डिझाइनचा एक इंजिनिअर आणि स्टोअरचा एक माणूस शेजारी बसले तर दिवसाला 40 होतील असा अंदाज आहे.

वाडीवाले_काका
डिझाइनमध्ये आयुष्य गेलं म्हणून विचारतो, 40 कुठून आणले? एककाचा घोळ दिसतो तेवढा सोपा नसतो. तांब्याची पट्टी घ्या, 8 बाय 2 मिलिमीटरची. छेद 16 चौरस मिलिमीटर, तांब्याची घनता 8.9 धरली तर मीटरला साधारण 142 ग्रॅम. कोपरे गोल असतात म्हणून थोडं कमी, कागदाचं आवरण असेल तर थोडं जास्त. मास्टरमध्ये कुणी 1 किलो बरोबर 1 मीटर टाकलं, तर 100 किलोचा साठा 100 मीटर दिसेल. प्रत्यक्षात आहे 700 मीटर. सॉफ्टवेअर म्हणणार माल नाही, आणि खरेदीवाला तांबं मागवून बसणार. आज तांब्याचा भाव काय आहे ते तुम्हाला सांगायला नको.

प्रत्येक मापाचा आकडा वेगळा, आवरणाचे थर वेगळे. एकाच कुटुंबातल्या पट्ट्या असतील तर सूत्र लावून दिवसाला शंभर होतील. प्रेसबोर्ड शीटमध्ये येतो, किलोत विकत घेतात, नग कापून देतात, तिथे दिवसाला पंधरा झाले तरी पुष्कळ. आणि एकदा स्टॉकची नोंद पडली की बहुतेक ईआरपीमध्ये मूळ एकक सरळ बदलता येत नाही, नवा कोड काढून साठा वळवावा लागतो. म्हणजे "गो-लाइव्हनंतर दुरुस्त करू" हा पर्याय नाही.

उद्या एक दिवस दोघांना बसवा, 410 मधून कसेही उचललेले 25 आयटम द्या. किती होतात ते पाहा. मग आकडा लिहा.

मांजलपूरकर
काका, उद्याच करतो. तोवर 40 धरून मसुदा असा होतोय. बघा:

"आयटम मास्टर: लाल (मागचा रिपोर्ट: हिरवा). उरलेले 1,500, पैकी चालू वापरातले 640. वेग आठवड्याला 400, 260, 190. गोठवण्याची तारीख 7 सप्टेंबर. सध्याच्या वेगाने 640 पूर्ण होतात सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. परिणाम: गो-लाइव्ह 1 ऑक्टोबरऐवजी 1 डिसेंबर, सल्लागारांच्या टीमचा खर्च महिना 11 लाखांप्रमाणे 22 लाख जादा. निर्णय हवा: डिझाइनचे दोन इंजिनिअर 24 ऑगस्टपासून पूर्णवेळ. 22 ऑगस्टपर्यंत होकार मिळाला तर 410 आयटम 31 ऑगस्टला संपतात, चार दिवस शिल्लक राहतात, ओळ पिवळी होते. निर्णय 27 च्या बैठकीत झाला तर 5 सप्टेंबरला संपतात, शिल्लक शून्य. एकच इंजिनिअर मिळाला तर 24 पासून बसूनही 5 सप्टेंबरपर्यंत 400 होतात, 10 उरतात. चालू वापरात नसलेले 860 आयटम बंद ठेवून लोड होतील."

संध्या_अकोटा
चांगला आहे. तीन दुरुस्त्या.

"31 ला संपतात, ओळ पिवळी" हे तुमच्या 40 च्या अंदाजावर उभं आहे, तसं लिहा. काकांच्या 25 च्या चाचणीत 25 आले तर दोन इंजिनिअर मिळूनही दिवसाला 50, म्हणजे 24 पासून 5 तारखेपर्यंतच्या दहा दिवसांत 500. जमतं, पण एक-दोन दिवसच शिल्लक. आणि 27 ची वाट पाहिली तर सहा दिवसांत 300, मग जमत नाही. हे वाक्य कमिटीला फार उपयोगी पडेल, कारण "बैठकीत बघू" म्हणण्याची किंमत त्यात दिसते.

दुसरं, 860 बंद ठेवण्याचा निर्णय तुम्ही गुपचूप आत घातलाय. तो स्कोप बदल आहे, त्याला वेगळी मंजुरी मागा. त्यातला एखादा दुरुस्तीच्या कामाला लागला तर कोण, किती वेळात उघडून देणार तेही लिहा.

तिसरं, मागचा रिपोर्ट हिरवा होता आणि आता एकदम लाल. विचारणारच. "उशिराच्या दिवसांवर मोजत होतो, आता गोठवण्याच्या तारखेपर्यंतच्या शिल्लक दिवसांवर मोजतोय" ही ओळ आधीच घाला, आणि मागच्या दोन रिपोर्टचे रंग नव्या नियमाने काय आले असते तेही.

कारेलीबागचा_कारकून
आणखी एक. तुमच्या तारखांत 14 सप्टेंबरला मॉक लोडचा ताळा पूर्ण आहे. यंदा 14 ला गणेश चतुर्थी. त्या दिवशी स्टोअर आणि अकाउंट्सची सही कोण देणार? 13 ला रविवार. म्हणजे ताळा 15 ला, आणि 16 ला लगेच निर्णय. Holidays च्या यादीत 14 टाकली होती का?

मांजलपूरकर
नव्हती. टाकली, आणि चाचणीची ओळही पिवळी झाली.

फतेगंजी
आता 16 ची बैठक 17 ला न्या किंवा लोड 8 ला सुरू करा. 8 ला सुरू करायचा तर आमच्या टीमला 7 च्या दुपारपर्यंत गोठलेली फाइल लागेल, संध्याकाळी दिलीत तर उपयोग नाही. विक्रेत्याकडून हे लेखी घ्या.

रावपुरा_१९
बिल्डरला तीन स्तंभांचा मेसेज टाकला. त्याने अंगठा दाखवलाय, तारखा नाही दिल्या.

वाडीवाले_काका
मांजलपूरकर, 25 आयटम निवडताना प्रेसबोर्डचे निम्मे तरी येऊ द्या. नुसत्या पट्ट्या उचलल्या तर आकडा गोड येईल. आणि स्टोअरमध्ये वजनकाटा मोकळा आहे ना ते आधी विचारा, प्रत्येक मापाचा एक मीटर तुकडा कापून तोलावा लागेल.

मांजलपूरकर
काटा एकच आहे आणि सकाळी माल उतरवण्यात अडकतो. दुपारी दोननंतर मिळेल. तेही ओळीत लिहू का?

संध्या_अकोटा
ओळीत नको, ते तुमच्या हातातलं आहे. पण अर्धाच दिवस काटा मिळणार असेल तर 40 चा आकडा आजच खाली आणा.